टक्क्यांची सरासरी काढलीस, तिथेच सहा टक्के वाढले

*ताई, मी एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, भांडुपला राहते. एका ट्रस्टच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय, त्यात दोन्ही सेमचं मिळून ६० टक्के पाहिजेत, आणि पुढच्या वेळी रिन्यूअललाही तेच. सेम वनचे माझे मार्क असे: चार थिअरी पेपर १०० चे, त्यात ५१, ५४, ४८, ५६. दोन प्रॅक्टिकल ५० ची, ४२ आणि ३९. एक छोटा कोर्स २५ चा, त्यात २२. मी प्रत्येकाचे टक्के काढून बेरीज केली, सातने भागलं, तर ६५.५७ येतात. कॉलेजच्या पोर्टलवर ५९.४३ दिसतंय! सेम टूला ६०० पैकी ३७२ आहेत (रिव्हॅल्युएशनमध्ये वाढलेले ४ धरून), म्हणजे ६२ टक्के, ते जुळतं. पण दोन्हीचं मिळून पोर्टल ६०.८० म्हणतं आणि ५९.४३ नि ६२ ची सरासरी तर ६०.७१ येते. म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअरच गंडलंय ना? ऑफिसात अर्ज देऊ का? आणि रिव्हॅल्युएशनचे मार्क धरलेत की नाही ते कसं कळणार? सेम थ्री ५५० मार्कांची आहे.*

अगं, अर्ज लिहू नकोस. पोर्टलचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. तू पाठवलेले मार्क मी हाताने लावून बघितले, पैशाचाही फरक नाही.

आधी सरळ हिशोब करू. चार थिअरीचे मिळून २०९ झाले, प्रॅक्टिकलचे ८१, छोट्या कोर्सचे २२, एकूण ३१२. आता किती पैकी? चारशे अधिक शंभर अधिक पंचवीस, म्हणजे ५२५. ३१२ भागिले ५२५ गुणिले शंभर, ५९.४३. झालं, एवढंच. मिळालेल्या मार्कांची एक बेरीज, पैकीच्या मार्कांची एक बेरीज, आणि भागाकार एकदाच, तोही सगळ्यात शेवटी. तू भागाकार सात वेळा आधीच करून टाकलास आणि मग बेरीज केलीस, तिथे गाडी घसरली.

का घसरली ते नीट बघ, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढे कुठल्याच मार्कशीटला फसणार नाहीस. टक्के काढले की प्रत्येक कोर्स 'शंभरपैकी' होऊन समोर येतो, ८८ दिसतात पण ते पंचवीसपैकी बावीस होते हे त्या ८८ वर कुठेच लिहिलेलं नसतं. मग सातने भागताना सातही जणांना सारखा वाटा मिळतो. तुझ्या सेममध्ये सात कोर्स आणि टोटल ५२५, म्हणजे ५२५ चे सात सारखे भाग केले तर प्रत्येकी ७५. थोडक्यात तुझ्या पद्धतीने प्रत्येक कोर्स ७५ मार्कांचा झाला. शंभरचा पेपर आक्रसून ७५ चा, पन्नासचं प्रॅक्टिकल फुगून ७५ चं, आणि तो बिचारा पंचवीसचा कोर्स थेट तिप्पट.

आता त्या ७५ च्या हिशोबात तुझे मार्क कसे दिसतात बघ. छोट्या कोर्समधले २२ तिप्पट होऊन ६६ झाले, म्हणजे तिथे ४४ मार्क फुकटचे आले. प्रॅक्टिकलचे ४२ चे ६३ झाले, २१ वाढले, आणि ३९ चे साडेअठ्ठावन्न, साडेएकोणीस वाढले. थिअरीचं मात्र उलट, २०९ चे पाऊणपट म्हणजे १५६.७५, तिथे सव्वाबावन्न मार्क गेले. जमा-खर्च मांडलास तर ४४ अधिक २१ अधिक १९.५ वजा ५२.२५, निव्वळ ३२.२५ मार्क असे जे कुठल्याच पेपरात तुला कुणी दिलेले नाहीत. ३१२ मध्ये ते मिळव, ३४४.२५ होतात, त्याला ५२५ ने भाग, बरोब्बर ६५.५७. म्हणजे तुझी आकडेमोड चुकलेली नाहीये, कॅल्क्युलेटर बरोबर चालवलायस, फक्त तो आकडा तुझ्या मार्कशीटचा नाही, सगळे पेपर ७५ चे असते अशा एका मार्कशीटचा आहे.

आणि फरक वरच्याच बाजूला का आला तेही यातूनच कळतं. छोट्या मार्कांच्या कोर्समध्ये तुझे टक्के भरपूर आहेत, मोठ्या पेपरात कमी. बहुतेक पोरापोरींचं असंच असतं, प्रॅक्टिकल, जर्नल, व्हायवा, छोटे कोर्स इथे मार्क सढळ हाताने पडतात आणि थिअरीत हात आखडता, म्हणून टक्क्यांची सरासरी काढणाऱ्याला जवळपास नेहमीच सुखावणारा आकडा मिळतो, आणि सुखावणारा आकडा कोण पुन्हा तपासतं? तुझ्या वर्गात एखादी असेल जिचं थिअरी झकास आहे पण प्रॅक्टिकलला आजारी होती, तिने तुझ्यासारखंच केलं तर तिला खऱ्यापेक्षा कमी टक्के दिसतील आणि ती बिचारी फॉर्मच भरणार नाही. हे मला जास्त वाईट वाटतं, खरं सांगू तर.

ही सवय लागते कुठून ते उघड आहे. दहावीला विषय शंभर-शंभरचे. सगळे पैकी सारखे असले की टक्क्यांची सरासरी काढा नाहीतर एकूण बेरजेचे टक्के काढा, उत्तर एकच. म्हणून कुणाला फरक पडल्याचं कळतच नाही. कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा १००, ५० आणि २५ एकाच कागदावर येतात आणि आपण तीच जुनी पद्धत चालवतो.

आता तुझा दुसरा प्रश्न, ५९.४३ आणि ६२ चा. चूक तीच आहे, फक्त यावेळी छोटी दिसते. सेम वन ५२५ ची, सेम टू ६०० ची. दोन्हीला अर्धा-अर्धा वाटा दिलास म्हणून ६०.७१ आले. खरं म्हणजे ३१२ अधिक ३७२, ६८४. ५२५ अधिक ६००, ११२५. ६८४ भागिले ११२५, ६०.८०. सेम टू मोठी आहे आणि तिथे तुझे टक्के जास्त आहेत म्हणून उत्तर थोडं ६२ कडे ओढलं गेलं. बघ हं, पहिल्या वेळी चुकीच्या पद्धतीने तुला सहा टक्के जास्त दिले आणि या वेळी पॉइंट शून्य नऊ कमी. त्यामुळे 'माझं उत्तर दोन्ही सेमच्या मधे कुठेतरी आलं म्हणजे बरोबरच असणार' असं धरून चालू नकोस, चुकीचं उत्तरही मधेच येतं. दोन्ही सेमचं टोटल सारखं असेल तरच साधी सरासरी चालते.

एक गंमत अशी की सेमचे टक्केच हातात आहेत आणि मार्क नाहीत, असंही कधीकधी होतं. तेव्हाही काम होतं, फक्त प्रत्येक टक्क्याला त्याच्या 'पैकी'ने गुणायचं, सगळं मिळवायचं आणि 'पैकी'च्या बेरजेने भागायचं. ५९.४३ गुणिले ५२५, अधिक ६२ गुणिले ६००, आणि त्याला ११२५ ने भाग, तेच ६०.८० येतील. 'पैकी' माहीत नसेल तर मात्र हात टेकायचे, नुसत्या टक्क्यांवरून खरं अ‍ॅग्रीगेट काढता येत नाही, कितीही हुशार माणूस असला तरी.

आता रिव्हॅल्युएशनचं. हे ऑफिसात न जाता घरी बसून कळतं. पोर्टलवरचा टक्का घे आणि उलटा चालव: टक्के गुणिले पैकी, भागिले शंभर. मार्क पूर्ण आकड्यात दिलेले आहेत, अर्धे-पाव नाहीत, म्हणून उत्तर पूर्ण आकड्याला चिकटून यायला हवं. ६०.८० गुणिले ११२५ भागिले शंभर, ६८४. बरोब्बर ६८४, म्हणजे ३१२ अधिक ३७२. वाढीव ४ धरले नसते तर बेरीज ६८० झाली असती आणि पोर्टलवर ६०.४४ दिसले असते. तेव्हा तुझे चार मार्क आत आहेत, निश्चिंत राहा. सेम वनवर पण करून बघ, ५९.४३ गुणिले ५२५ भागिले शंभर म्हणजे ३१२.०१ येतात. तो वरचा पॉइंट शून्य एक दशांशाच्या राउंडिंगचा आहे, दोन घरांपर्यंत छापलेल्या टक्क्यात एवढा फरक राहतोच, घाबरायचं काम नाही. पण समजा उलटं चालवून २९७.८ असं काही आलं तर मात्र कान टवकारायचे, कारण पूर्ण आकड्यापासून एवढं लांब असणं म्हणजे कुठेतरी वेगळ्याच 'पैकी'ने भागलंय.

हा २९७.८ मी उगाच नाही घेतला. एंट्री करताना २५ चा कोर्स कुणी ५० चा म्हणून टाकला तर ३१२ भागिले ५५० होतात, ५६.७३ टक्के, आणि ते तू ५२५ वर उलटं चालवलंस की २९७.८ येतात. चूक मार्कात असते असं सगळ्यांना वाटतं, सगळे मार्कच पुन्हा पुन्हा तपासतात, पण माझ्या मते आधी 'पैकी'चा कॉलम बघावा, तिथे कुणाचं लक्ष नसतं. अर्थात ही उलटी चाचणी सगळंच पकडत नाही. छोटा कोर्स अख्खाच गाळला गेला असेल तर २९० भागिले ५००, ५८ टक्के होतात, आणि ५८ ला ५२५ वर चालवलं तर तीनशे साडेचार, ते पकडलं जातं. पण एखाद्या पेपरात ५४ च्या जागी ४५ पडले असतील तर बेरीज पूर्ण आकडाच येणार, तिथे चाचणी गप्प बसेल. त्यासाठी मार्कशीट समोर ठेवून एकेक ओळ बघण्याला पर्याय नाही.

आणखी एक चूक आहे जी घरी हिशोब करणारे करतात आणि मग ऑफिसशी भांडतात. मार्कशीटवर बरेचदा इंटर्नल वेगळं, एक्स्टर्नल वेगळं आणि खाली त्या दोघांची टोटल, अशा तीन ओळी असतात. तिन्ही बेरजेत घेतल्या तर तो पेपर दोनदा मोजला जातो. दोन्हीकडे दुप्पट होतं म्हणून त्या एका पेपरचे टक्के तेवढेच राहतात आणि संशय येत नाही, पण एकूणात त्याचं वजन दुप्पट होतं. तुझा ५१ वाला पेपर असा दोनदा आला असता तर ३६३ भागिले ६२५, ५८.०८. तेव्हा बेरीज करायच्या आधी खात्री कर की 'पैकी'ची तुझी बेरीज मार्कशीटच्या तळाशी छापलेल्या टोटलशी जुळते. ती जुळली नाही तर पुढचं काही करूच नकोस, आधी तेच शोध.

फोनवरच्या शीटमध्ये करणार असशील तर ए कॉलममध्ये कोर्सचं नाव, बी मध्ये मिळालेले, सी मध्ये पैकी. सात कोर्स दुसऱ्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत येतील, आणि नवव्या ओळीत हे टाक:

```
=SUM(B2:B8)/SUM(C2:C8)*100
```

डी मध्ये प्रत्येक कोर्सचे टक्के बघायची हौस असेल तर बघ, पण त्याच्याखाली `=AVERAGE(D2:D8)` टाकलंस की पुन्हा ते पंचाहत्तरी मार्कशीट तयार होईल. आणि एक, आकडे पीडीएफमधून कॉपी-पेस्ट केलेस तर काही आकडे शीटला टेक्स्ट वाटतात, सेलमध्ये डावीकडे चिकटून बसतात, आणि `SUM` त्यांना गुपचूप सोडून देतं, एररसुद्धा दाखवत नाही. मार्कांच्या कॉलममधलं एखादं असं सुटलं तर टक्के एकदम खाली येतात आणि माणूस उगाच हबकतो. सात आकडेच तर आहेत, हाताने टाईप कर की.

मधे एक गोष्ट सांगून ठेवते कारण फॉर्म भरताना लोक गोंधळतात. हे सगळं मार्कांच्या टक्क्यांबद्दल आहे. फॉर्मात सीजीपीए मागितला असेल तर तिथे वजन मार्कांचं नसतं, क्रेडिटचं असतं, ग्रेड पॉइंट गुणिले क्रेडिट, त्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. तत्त्व तेच, मोठ्याला मोठा वाटा, पण आकडा वेगळा येतो कारण मार्कांचं आधी ग्रेड पॉइंट होतं आणि एका ग्रेडच्या पट्ट्यातले वेगवेगळे मार्क एकाच पॉइंटला जाऊन बसतात. तो आकडा दहाने गुणून टक्के म्हणून लिहू नकोस. सीजीपीएवरून टक्के काढायचे असतील तर तुझ्या युनिव्हर्सिटीचा छापील नियमच वापर. तुझ्या ट्रस्टने टक्के मागितलेत आणि तुझ्याकडे मार्क आहेत, त्यामुळे तुला त्या वाटेला जायचंच नाही.

फॉर्ममध्ये मिळालेले मार्क ६८४, पैकी ११२५, टक्के ६०.८०, एवढं लिही आणि दोन्ही मार्कशीटची झेरॉक्स जोड. तुझे ६५.५७ चुकूनही कुठे लिहू नकोस, तपासणारा माणूसही हेच दोन आकडे घेऊन भागाकार करणार आणि जुळलं नाही की त्याला तो घोळ वाटणार नाही, लबाडी वाटेल. आणि ६०.८० ला ६१ पण करू नकोस, मार्कशीटवर दोन घरं आहेत तर दोन घरं लिही. राउंडिंग मधेच करायचं नाही हेही लक्षात ठेव, सेमचे ५९ आणि ६२ असे गोल करून पुढे गेलीस तर ६०.६० येतात, आणि सीमारेषेवर असणाऱ्याला तेवढंही महागात पडू शकतं. तुझी सीमारेषा खरंच जवळ आहे बरं का, ११२५ चे ६० टक्के म्हणजे ६७५, तू नऊ मार्कांनी वर आहेस. नुसत्या सेम वनचं विचारलं असतं तर ३१५ लागले असते आणि तू तीन मार्कांनी खाली होतीस, सेम टूने हात दिला.

रिन्यूअलचं गणितही मार्कांतच कर, टक्क्यांत नको. सेम थ्री धरून एकूण पैकी होतात १६७५, त्याचे ६० टक्के १००५. हातात ६८४ आहेत, राहिले ३२१. म्हणजे ५५० पैकी ३२१, ५८.३६ टक्के आले की सेम थ्रीअखेर ६० टिकतात. आणि अभ्यासाला वेळ कुठे द्यायचा हे ठरवताना तुझ्या जुन्या पद्धतीच्या नादी लागू नकोस. टक्क्यांच्या सरासरीत २५ च्या कोर्समधले तीन मार्क शंभरच्या पेपरमधल्या तीन मार्कांपेक्षा चौपट भारी दिसतात, पण ३२१ मोजताना तीन म्हणजे तीनच. त्या २५ च्या कोर्समध्ये आता तुझे तीनच मार्क वाढायला जागा उरली होती, आणि एकट्या ४८ वाल्या पेपरात बावन्न.